सोसायटीचा मेल लिहिताना: एका गोष्टीला एकच नाव

हाउसिंग सोसायटीच्या समितीत नव्याने आलेल्या सेक्रेटरीला किंवा खजिनदाराला पहिल्या काही आठवड्यांतच पैशांविषयीचा मेल लिहावा लागतो. रंगकाम, लिफ्ट, पाण्याची टाकी, गच्चीची गळती, काही ना काही निघतंच. मेल गेला की तासाभरात उत्तरं सुरू होतात आणि त्यातले निम्मे प्रश्न असे असतात की ज्यांचं उत्तर मेलमध्ये लिहिलेलंच असतं. लोकांनी मेल वाचलाच नाही असं समितीला वाटतं. बऱ्याचदा लोकांनी तो नीट वाचलेला असतो. फक्त एकाच रकमेला मेलमध्ये तीन-चार नावं दिलेली असतात आणि वाचणाऱ्याने त्या तीन-चार वेगळ्या रकमा धरलेल्या असतात.

हे कसं घडतं आणि कसं टाळायचं, ते एकाच मेलवर पाहू. ४८ फ्लॅटची सोसायटी आहे, सगळे फ्लॅट सारख्या आकाराचे. गच्ची गळते, वॉटरप्रूफिंग करायचं आहे, खर्च १४,४०,००० रुपये. त्यातले ४,८०,००० रुपये सोसायटीच्या दुरुस्ती निधीतून घ्यायचे आणि उरलेले ९,६०,००० रुपये सगळ्या फ्लॅटनी सारखे उचलायचे, म्हणजे फ्लॅटमागे २०,००० रुपये, चार हप्त्यांत, असं विशेष सर्वसाधारण सभेत मंजूर झालं आहे. आता मेलचा कच्चा मसुदा:

> विषय: टेरेस लीकेजच्या कामाबाबत
>
> सर्व रहिवाशांना नमस्कार,
>
> मागच्या मीटिंगमध्ये ठरल्याप्रमाणे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम दिवाळीनंतर सुरू होईल. या रिपेअरसाठी प्रत्येक सदस्याचा वाटा २०,००० रुपये आहे. सदर फंड चार हप्त्यांत भरायचा आहे. पहिले कॉन्ट्रिब्युशन नोव्हेंबरच्या मेंटेनन्समध्ये येईल. दुरुस्ती निधीतून ४,८०,००० रुपये वापरले जातील. उशीर झाल्यास सभासदांना वर्गणीवर नियमाप्रमाणे व्याज लागेल. भाडेकरूंनी मालकांना कळवावे.
>
> कार्यकारिणी

वाचायला हा मेल बरा वाटतो. शुद्धलेखन ठीक, भाषा नम्र, लांबी आटोपशीर. पण चौथ्या मजल्यावरचे काका विचारतील, “रिपेअर फंड आम्ही दर महिन्याला बिलात भरतोच की, मग हा परत कशाला?” दुसरं कोणी विचारेल, “पहिलं कॉन्ट्रिब्युशन म्हणजे वीस हजार की पाच हजार?” भाड्याने राहणारी मुलगी विचारेल, “मी रहिवासी आहे, मग मलाही भरायचे आहेत का?” तिघांचेही प्रश्न रास्त आहेत.

नावं वाढतात कुठून

एक कारण आपल्या शाळेत आहे. निबंधात तोच शब्द पुन्हा आला की बाई लाल शाईने ‘पुनरुक्ती’ लिहायच्या. त्यामुळे दुसऱ्या वाक्यात दुसरा शब्द शोधायची सवय हाताला लागते. निबंधात ते शोभतं. हिशेबाच्या मेलमध्ये शब्द बदलला की वाचणाऱ्याला वाटतं, गोष्ट बदलली.

दुसरं कारण जास्त मोठं आहे आणि ते सहसा लक्षात येत नाही. सोसायटीचा मेल कोणी कोऱ्या कागदावर लिहीत नाही. कंत्राटदाराचं कोटेशन समोर असतं, त्यात ‘टेरेस’ आणि ‘कॉन्ट्रिब्युशन’ असतं. सभेचं इतिवृत्त असतं, त्यात ‘गच्ची’, ‘सभासद’, ‘निधी’. वॉट्सॲपवरच्या चर्चेतून ‘लीकेज’, ‘मेंटेनन्स’, ‘मीटिंग’ येतात. आणि आधीच्या सेक्रेटरीचा जुना मेल उघडून त्यातलं ‘सदर’ आणि ‘नियमाप्रमाणे’ उचललेलं असतं. प्रत्येक वाक्य जिथून आलं तिथलं नाव सोबत घेऊन येतं. म्हणून वरच्या मसुद्यात चार नावं चार ठिकाणांहून आली आहेत, आणि लिहिणाऱ्याला ते जाणवलेलं नाही, कारण त्याच्या डोक्यात रक्कम एकच आहे.

पहिली पायरी: आधी गोष्टी मोजा

मसुदा लिहून झाला की पाठवू नका. एक कागद घ्या आणि त्यावर या मेलमध्ये खरोखर किती वेगळ्या गोष्टी आहेत ते लिहा. शब्दांकडे अजून पाहायचं नाही. आपल्या उदाहरणात सात गोष्टी निघतात: गच्चीचं काम, प्रत्येक फ्लॅटने द्यायचे २०,०००, त्यातले दर महिन्याचे ५,०००, सोसायटीकडे आधीच जमा असलेला निधी, दर महिन्याला घरी येणारं बिल, पैसे भरणारी माणसं आणि ज्या सभेत हे ठरलं ती सभा.

आता प्रत्येक गोष्टीसमोर मसुद्यात तिला कोणकोणती नावं दिली आहेत ती उतरवा. २०,००० रुपयांसमोर ‘वाटा’, ‘फंड’ आणि ‘वर्गणी’ येतात. ‘कॉन्ट्रिब्युशन’ कुठे लिहायचं हेच कळत नाही, कारण ते २०,००० चंही असू शकतं आणि ५,००० चंही. पैसे भरणाऱ्यांसमोर ‘रहिवासी’, ‘सदस्य’, ‘सभासद’, ‘मालक’. कामासमोर ‘टेरेस लीकेजचे काम’, ‘गच्चीचे वॉटरप्रूफिंग’, ‘रिपेअर’.

ज्या गोष्टीसमोर एकापेक्षा जास्त नावं आली तिथे गोंधळ होणार हे उघड आहे. पण एखादं नाव दोन गोष्टींसमोर लिहावंसं वाटलं, तर तिथे जास्त वेळ थांबा. आपल्या मसुद्यात ‘फंड’ तसा आहे. बिलात दर महिन्याला दुरुस्ती निधी असतो, बोलताना सगळे त्याला ‘रिपेअर फंड’ म्हणतात आणि मेलमध्ये ‘या रिपेअरसाठी... सदर फंड’ असं येतं. नव्या रकमेला नकळत जुन्या रकमेचं नाव मिळालं. एका गोष्टीला तीन नावं असली तर वाचणारा गोंधळतो आणि विचारतो. दोन गोष्टींना एक नाव असलं तर तो विचारत नाही, चुकीचं समजून शांत बसतो आणि नोव्हेंबरचं बिल हातात पडल्यावर भांडायला येतो. म्हणून दुसरा दोष आधी दुरुस्त करा.

‘मेंटेनन्स’ हा शब्द वेगळा काढून पाहा

याच प्रकारातला, आणि माझ्या मते सोसायट्यांमधला सगळ्यात महाग पडणारा शब्द म्हणजे ‘मेंटेनन्स’. बोलण्यात तो पूर्ण बिलासाठी वापरतात: “मेंटेनन्स भरला का?” समितीच्या बैठकीत तोच शब्द बिलातल्या फक्त सेवा शुल्कासाठी येतो, म्हणजे वॉचमन, सफाई, जिन्यातली वीज, लिफ्टची देखरेख यांच्या खर्चासाठी.

आपल्या सोसायटीतलं एका महिन्याचं बिल असं धरू: सेवा शुल्क १,८०० रुपये, पाणीपट्टी ३५०, दुरुस्ती निधी ७५०, सिंकिंग फंड २५०, पार्किंग २५०. एकूण ३,४०० रुपये. यातले दोन आकडे उगाच निवडलेले नाहीत. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के असतो. बांधकाम खर्च १२ लाख धरला तर वर्षाला ९,००० आणि ३,०००, म्हणजे महिन्याला ७५० आणि २५०. दोन्ही ‘फंड’, दोन्ही इमारतीसाठी, पण वापरण्याच्या अटी वेगळ्या. त्यामुळे मेलमध्ये नुसतं ‘फंडातून’ असं कधीच लिहू नये.

आता कोणी फ्लॅट भाड्याने दिला की त्याला बिनभोगवटा शुल्क लागतं, आणि ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. समितीने मेलमध्ये लिहिलं, ‘मेंटेनन्सच्या १० टक्के बिनभोगवटा शुल्क लागेल’. सेवा शुल्कावर काढलं तर १८० रुपये. अकाउंटंटने ‘मेंटेनन्स’ म्हणजे पूर्ण बिल असं धरलं तर ३४०. महिन्याला १६० रुपयांचा फरक, आणि तोही नियमाबाहेरचा. हिशेब करणाऱ्याची बेरीज बरोबर आहे. शब्द सैल होता.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की बोलताना काहीही म्हणा, लेखी मेलमधून ‘मेंटेनन्स’ काढून टाका. पूर्ण कागदाला ‘मासिक बिल’ म्हणा आणि त्यातल्या ओळीला तिचं बिलावर छापलेलं नाव द्या.

दुसरी पायरी: नाव निवडायचं कसं

आपल्याला आवडतं ते नाव घ्यायचं नाही. वाचणाऱ्याच्या हातात आधीपासून असलेल्या कागदावर जे छापलं आहे ते घ्यायचं. त्याच्याकडे दर महिन्याला बिल येतं, तेव्हा बिलावर ‘दुरुस्ती निधी’ असेल तर मेलमध्येही ‘दुरुस्ती निधी’च. बिलावर ‘रिपेअर फंड’ छापलं असेल तर मराठीचा आग्रह बाजूला ठेवून ‘रिपेअर फंड’ लिहा. मेल आणि बिल शेजारी ठेवून जुळवणारा माणूस ओळीवर बोट ठेवू शकला पाहिजे.

नवी गोष्ट असेल, तिचं नाव कुठेच छापलेलं नसेल, तेव्हा जरा विचार करावा लागतो. २०,००० रुपयांना काय म्हणायचं? ‘फंड’ बाद, कारण बिलात दोन फंड आधीच आहेत. ‘वर्गणी’ हा शब्द सोपा आणि आपला आहे, पण सोसायटीत वर्गणी म्हटलं की गणपती आठवतो. वर्गणी ऐच्छिक असते, कमी-जास्त देता येते. सभेने मंजूर केलेल्या आणि उशीर झाल्यास व्याज लागणाऱ्या रकमेला ते नाव दिलं तर ‘आम्ही पाच हजार देऊ’ असं उत्तर येईल आणि दोष त्या माणसाचा नसेल. ‘कॉन्ट्रिब्युशन’ मध्येही हाच अर्थ डोकावतो. ‘वाटा’ मात्र नेमका आहे: एकूण खर्च आहे, त्याचे ४८ भाग केले, त्यातला तुमचा एक. म्हणून पूर्ण नाव ‘वॉटरप्रूफिंगचा वाटा’ आणि छोटं नाव ‘वाटा’. दर महिन्याच्या ५,००० रुपयांना ‘हप्ता’.

माणसांच्या बाबतीत तर नाव निवडण्याला कायद्याचाही आधार आहे. ‘सभासद’ म्हणजे ज्याचं नाव सोसायटीच्या सभासद नोंदवहीत आहे तो. ‘रहिवासी’ म्हणजे जो तिथे राहतो तो, त्यात भाडेकरूही आले. ‘सदस्य’ हा शब्द समितीच्या सदस्यांसाठी राखून ठेवावा, म्हणजे ‘सदस्यांची बैठक’ म्हटल्यावर कोण जमणार हे कळतं. ‘मालक’ टाळलेलं बरं. फ्लॅट नवरा-बायकोच्या नावावर असतो, एक सभासद आणि एक संयुक्त सभासद असतो, मग मालक कोण यावर वेगळीच चर्चा सुरू होते. वाटा भरायचा तो सभासदाने. पाणी बंद राहणार असेल तर ते कळवायचं सगळ्या रहिवाशांना. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

सभेचंही तसंच. ‘मीटिंगमध्ये ठरलं’ यावरून काहीच कळत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी होते, विशेष सर्वसाधारण सभा लागेल तेव्हा बोलावतात आणि व्यवस्थापक समितीची सभा दर महिन्याला होते. सर्वसाधारण सभेने मंजूर केलेला खर्च सगळ्यांना बंधनकारक असतो. तोच खर्च समितीने आपल्या सभेत परस्पर ठरवला असेल तर सभासद हरकत घेऊ शकतो. म्हणून सभेचं पूर्ण नाव आणि तारीख एकदा लिहायची, पुढे ‘त्या सभेत’ म्हटलं तरी चालतं.

तिसरी पायरी: पहिल्यांदा पूर्ण, पुढे तेच छोटं

मेलमध्ये गोष्ट पहिल्यांदा येते तिथे पूर्ण नाव, रक्कम आणि छोटं नाव एकत्र द्या. त्यानंतर शेवटपर्यंत फक्त छोटं नाव. ‘सदर रक्कम’, ‘उपरोक्त निधी’, ‘वरील खर्च’ हे शब्द दिसले की थांबा. मेलमध्ये एकच रक्कम असेल तर ‘सदर रक्कम’ चालेल. आपल्या उदाहरणात या कामाच्याच १४,४०,०००, ९,६०,०००, ४,८०,०००, २०,००० आणि ५,००० अशा पाच रकमा आहेत. ‘सदर’ यातल्या कोणत्याही रकमेला लागू शकतं.

मराठीत एक सोय आहे, तिचा फायदा घ्या. आपल्या नामांना लिंग आहे आणि क्रियापद त्यामागे चालतं. वाटा भरायचा असतो, वर्गणी भरायची असते, शुल्क भरायचं असतं. मसुदा मोठ्याने वाचताना फक्त या शेवटांकडे लक्ष द्या. दुसऱ्या वाक्यात ‘भरायचा’ आहे आणि पाचव्यात त्याच पैशांसाठी ‘ती वेळेत भरली नाही तर’ असं आलं, तर मध्ये कुठेतरी नाव बदललं आहे. पूर्ण शब्द नजरेतून सुटला तरी ‘तो’ची ‘ती’ झालेली कानाला खटकते. सर्वनाम वापरण्याआधीही हेच बघा. ‘दुरुस्ती निधी वेगळा आहे आणि वाटा वेगळा. तो नोव्हेंबरपासून भरायचा आहे.’ दोन्ही पुल्लिंगी, मग ‘तो’ कोण? अशा ठिकाणी सर्वनाम टाळून नाव पुन्हा लिहा. पुनरुक्ती होईल, होऊ दे.

विषयाची ओळ आणि सोबतची फाइल

मेलचा मजकूर एकसारखा झाला तरी विषयात ‘टेरेस लीकेज’, मजकुरात ‘गच्ची वॉटरप्रूफिंग’ आणि जोडलेल्या फाइलचं नाव ‘छत दुरुस्ती कोटेशन’ असं राहून जातं. तीन महिन्यांनी कोणी मेलबॉक्समध्ये ‘वॉटरप्रूफिंग’ शोधलं तर विषयात तो शब्द नसेल तर यादीत हा मेल ओळखू येत नाही. फाइलला नाव देताना तेच ठरलेलं नाव वापरा. शिवाय पुढची आठवण पाठवताना नवा विषय लिहू नका, त्याच मेलला उत्तर म्हणून पाठवा. जीमेलमध्ये विषय बदलला की ती वेगळी साखळी होते आणि पहिला मेल, ज्यात सगळा खुलासा आहे, तो मागे राहतो.

दुरुस्त केलेला मेल

> विषय: गच्ची वॉटरप्रूफिंग: प्रत्येक फ्लॅटचा वाटा २०,००० रुपये, नोव्हेंबरपासून चार हप्ते
>
> सर्व सभासदांना नमस्कार,
>
> १२ ऑक्टोबरच्या विशेष सर्वसाधारण सभेत मंजूर झाल्याप्रमाणे गच्ची वॉटरप्रूफिंगचे काम दिवाळीनंतर सुरू होईल. कामाचा एकूण खर्च १४,४०,००० रुपये आहे. त्यापैकी ४,८०,००० रुपये सोसायटीच्या दुरुस्ती निधीतून दिले जातील. उरलेले ९,६०,००० रुपये ४८ फ्लॅटमध्ये समान विभागले आहेत. त्यानुसार प्रत्येक फ्लॅटचा वॉटरप्रूफिंगचा वाटा (पुढे ‘वाटा’) २०,००० रुपये आहे.
>
> वाटा ५,००० रुपयांच्या चार हप्त्यांत भरायचा आहे. पहिला हप्ता नोव्हेंबरच्या आणि शेवटचा हप्ता फेब्रुवारीच्या मासिक बिलात ‘वॉटरप्रूफिंगचा वाटा’ या ओळीत येईल. मासिक बिलातील दुरुस्ती निधी (७५० रुपये) नेहमीप्रमाणे सुरू राहील. वाटा हा त्याशिवाय आहे.
>
> मुदतीनंतर भरलेल्या हप्त्यावर, मासिक बिलाच्या थकबाकीला लागते त्याच दराने व्याज लागेल.
>
> वाटा सभासदाने भरायचा आहे, भाडेकरूने नाही. भाडेकरूंना हा मेल आला असल्यास त्यांनी तो आपल्या फ्लॅटच्या सभासदाला पाठवावा.
>
> व्यवस्थापक समिती

मेल लांबला आहे, हे खरं. पण यात ‘वाटा’ इतक्या वेळा आला तरी वाचताना अडखळायला होत नाही, कारण डोळा त्या शब्दावरून सरळ पुढे सरकतो. चौथ्या मजल्यावरच्या काकांचा प्रश्न ‘वाटा हा त्याशिवाय आहे’ या एका वाक्याने सुटला. जिथे दोन गोष्टींची गल्लत होणार हे आधीच दिसतं, तिथे दोन्हींची नावं शेजारी आणून त्या वेगळ्या असल्याचं उघड सांगावं. नावं नीट असली तरच हे वाक्य लिहिता येतं. मूळ मसुद्यात ते ‘फंड हा फंडाशिवाय आहे’ असं झालं असतं.

चौथी पायरी: शोधून तपासा, पण मराठीच्या हिशेबाने

पाठवण्याआधी टाकून दिलेली नावं मेलमध्ये कुठे उरली आहेत का ते Ctrl+F ने शोधायचं. इथे मराठीत दोन-तीन अडचणी येतात.

शब्दाला विभक्ती लागली की त्याचं रूप बदलतं. ‘वाटा’ शोधलात तर ‘वाट्याची’ आणि ‘वाट्यावर’ सापडणार नाहीत. ‘वर्गणी’ शोधलं तर ‘वर्गणीवर’ सापडेल पण ‘वर्गण्या’ सुटेल. म्हणून पूर्ण शब्दाऐवजी न बदलणारा भाग शोधा: ‘वर्गण’, ‘हप्त’, ‘टाक’, ‘सभासद’. ‘वाट’ शोधलं की ‘वाटते’ आणि ‘वाटप’सुद्धा येतील, ती नजरेने सोडून द्या. एका पानाच्या मेलला याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

दुसरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. ‘दुरुस्ती’ मध्ये रु ऱ्हस्व आहे, पण ‘दुरूस्ती’ सर्रास लिहिलं जातं. एकाच मेलमध्ये दोन्ही असतील तर एक शोधताना दुसरं निसटतं. ‘हप्ता’ आणि ‘हफ्ता’चंही तेच, आणि ‘हफ्ता’ म्हटलं की गुंडाला द्यायचे पैसे डोळ्यांसमोर येतात, म्हणून तो मेलमध्ये राहता कामा नये. ‘दुर’ एवढंच शोधून मग डोळ्यांनी बघणं बरं, आणि ‘हप्त’ व ‘हफ्त’ दोन्ही वेगवेगळे शोधा.

तिसरी गोष्ट दिसत नाही. ‘पायऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांतलं अर्धं ऱ वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगळ्या पद्धतीने साठवलं जातं. पडद्यावर अक्षर हुबेहूब एकसारखं दिसतं, पण मसुद्याचा एक भाग मोबाइलवर आणि दुसरा कॉम्प्युटरवर लिहिला असेल तर शोध काही वेळा त्यातलं एकच रूप पकडतो. असा शब्द असेल तर त्यातला साधा भाग शोधा, ‘पाय’ किंवा ‘दुस’.

शोधून झालं की मेल समितीबाहेरच्या एकाला वाचायला द्या, शक्यतो सभेला न आलेल्याला. ‘कळलं का?’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’ येतं. विचारा: तुम्ही एकूण किती भरणार, नोव्हेंबरच्या बिलात किती रुपये वाढलेले दिसतील, आणि दुरुस्ती निधी बंद होणार का? उत्तरं २०,०००, ५,००० आणि नाही अशी आली की मेल पाठवा. एखादं चुकलं तर ते ज्या वाक्यावरून चुकलं तिथे नाव तपासा.

जिथे एकच नाव ठेवता येत नाही

सभेच्या ठरावातले शब्द बदलायचे नाहीत. ठरावात ‘इमारतीच्या छताचे जलरोधक काम’ असं लिहिलं असेल आणि तो मेलमध्ये उद्धृत करायचा असेल, तर तो जसाच्या तसा अवतरणात द्या आणि खाली एक वाक्य लिहा: ‘ठरावात ज्याला छताचे जलरोधक काम म्हटले आहे, त्यालाच या मेलमध्ये गच्ची वॉटरप्रूफिंग म्हटले आहे.’ कंत्राटदाराच्या कोटेशनचंही असंच. दुसऱ्याचा कागद आपल्या शब्दांत ओढू नका, दोन्हींमध्ये पूल बांधणारं एक वाक्य द्या.

एखादं नाव मध्येच बदलावं लागलं, समजा दोन मेल ‘वर्गणी’ म्हणून गेले आणि मग लक्षात आलं, तर गुपचूप बदलू नका. पुढच्या मेलच्या पहिल्याच ओळीत लिहा की आधीच्या मेलमध्ये जिला वॉटरप्रूफिंग वर्गणी म्हटलं होतं तीच रक्कम आता वाटा म्हणून बिलात येईल, रक्कम तीच आहे. हे न सांगता बदललं तर नवी आकारणी लागली असं समजून फोन येतील.

इमारतीत मराठी न वाचणारी घरं असतील आणि मेल इंग्रजीतही जाणार असेल, तर कागदावरच्या यादीला तिसरा रकाना करा आणि प्रत्येक मराठी नावासमोर एकच इंग्रजी नाव लिहून ठेवा. दोन्ही भाषांतले मेल वेगवेगळ्या माणसांनी लिहिले तरी मग नावं जुळतात.

आणि सगळीच नावं बांधून ठेवायची गरज नाही. ‘काम’, ‘माहिती’, ‘अडचण’, ‘सहकार्य’ हे शब्द मोकळे असू द्या. ज्या शब्दावरून कोणाला पैसे मोजायचे आहेत, तारीख पाळायची आहे किंवा जबाबदारी घ्यायची आहे, तेवढेच शब्द पक्के धरा. एका मेलमध्ये असे शब्द पाच-सातच निघतात.

मेल पाठवण्याच्या दिवशीच अकाउंटंटलाही तीच यादी पाठवा. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी ओळ तोच उघडतो, आणि त्याला कोणी सांगितलं नाही तर तो आपल्या सवयीने `TERRACE FUND` असं काहीतरी टाकतो. मग मेलमध्ये ‘वॉटरप्रूफिंगचा वाटा’ आणि बिलात भलतंच नाव, आणि तेही ‘फंड’. पहिलं बिल छापण्याआधी एका फ्लॅटच्या बिलाचा नमुना मागवा, मेल शेजारी ठेवा आणि ओळ अक्षर न् अक्षर जुळते का ते पाहा. पावतीच्या नमुन्यावरही तीच ओळ लागते, तो नमुनाही त्याच वेळी मागवा.